मास्टरांचा नंबर

मास्टरांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता फक्त बँकेच्या काउंटरवर उरलं होतं. बाकी सगळ्या शहराला ते मास्टर. शाळेतले नव्हेत, कुलपांचे. बाजाराच्या कोपऱ्यावर एका जिन्याखाली त्यांची टपरी होती. टपरी कसली, कपाटच म्हणा. त्यात ते स्वतः, किल्ल्या घासायचं यंत्र आणि खिळ्यांवर लटकलेल्या तीनेकशे कोऱ्या किल्ल्या, एवढंच मावायचं. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहायचं.

चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइल घेतला तेव्हा बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. "कुलपं दुरुस्त करणाऱ्याला फोन कशाला हवा? कुलूप काय फोन करून सांगणार आहे, मी बिघडलोय म्हणून?" मास्टरांनी छापखान्यातून हजार पिवळी स्टिकरं आणली. त्यावर किल्लीचं चित्र आणि खाली नंबर. ज्या घरात काम करतील, त्या घराच्या दारावर स्टिकर लावून यायचं, असा बेत होता. पहिली शंभरेक स्टिकरं त्यांनी मोठ्या हौसेने दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, अगदी सरळ रेषेत चिकटवली. बाहेर लावली तर दार खराब दिसेल, हा त्यामागचा विचार.

ते ऐकून बायको हसत हसत खाली बसली. "अहो, किल्ली आत राहून बाहेर अडकलेल्या माणसाने आतल्या बाजूचा नंबर वाचायचा कसा?"

त्या दिवसापासून स्टिकरं बाहेर, बेलच्या खाली लागायला लागली. पण आतली ती शंभर तशीच राहिली. कुठल्या कुठल्या घरांत, ते मास्टरांनाही धड आठवत नव्हतं, कारण गिऱ्हाइकांची वही त्यांनी त्यानंतर सुरू केली.

आणि मग फोन वाजायला लागला तो वाजतच राहिला. मास्टर कुठेतरी दारापुढे गुडघ्यावर बसलेले असायचे, कान कुलपाला आणि दोन्ही हात गुंतलेले. फोन मग घरीच राहायला लागला आणि तो बायको घ्यायची. पत्ता लिहून ठेवायची, धीर द्यायची, वेळप्रसंगी दमही भरायची. "ताई, आधी गॅसवर काही ठेवलंय का ते सांगा. नाही ना? मग रडू नका, येतायत ते." पुढे फोन मास्टरांच्या खिशात गेला, पण तिची सवय सुटली नाही. बाजारातून, लेकीकडून, शेजारणीच्या फोनवरून, जिथून नवरा हवा असेल तिथून ती तोच नंबर फिरवायची. आयुष्यात तिला तोंडपाठ असलेला नंबर हा एकच.

मास्टरांचा एक नियम होता. शेजारचं माणूस साक्षीला उभं केल्याशिवाय आणि घरातल्या माणसाची ओळख पटल्याशिवाय ते कुठलंही दार उघडायचे नाहीत. एकदा खुद्द पोलिसातल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी स्वतःच्याच दाराबाहेर अर्धा तास तिष्ठत ठेवलं होतं, कारण शेजारी कुणी घरी नव्हतं. अधिकारी चिडले, मग हसले, मग दोन गिऱ्हाइकं पाठवली. चोवीस वर्षांत मास्टरांच्या हातून उघडलेल्या एकाही घरातून टाचणी हलली नाही. मास्टरांची कमाई म्हणाल तर ही.

मग उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. कुलपाचं काम डोळ्यांचं नाही, बोटांचं. आतली पिन वर गेली की बोटाला कळावं लागतं. ते कळेनासं झालं. एका घरात साध्या कुलपाला पाऊण तास लागला आणि घरातली पोरगी म्हणाली, "आजोबा, पाणी देऊ?" त्या 'आजोबा'ने मास्टरांना जे सांगायचं ते सांगितलं. महिन्याभरात यंत्र विकलं, टपरी परत केली. राहिला फक्त नंबर.

"तो आता बंद करा," बायको म्हणाली. "चोवीस वर्षांत मी एक घास सुखाने खाल्लेला नाही. घास तोंडाशी नेला की वाजलाच."

मास्टर कंपनीच्या दुकानात गेले. आत थंडगार हवा आणि हातात टोकन. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, नंबर घातला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"काका, किती जुना नंबर आहे हा! बंद कशाला करताय? स्वस्तातला प्लॅन देते ना."

"नको."

"प्रीपेड करून देऊ? नंबर राहील, बिल येणार नाही."

"बाळ, नंबर राहिला की फोन येणार. फोन आला की मला नाही म्हणता येत नाही. तू बंदच कर."

मुलगी समजूतदार होती. तिने घाई केली नाही. चालू बिल आधी भरावं लागेल, म्हणाली. नंबर बंद झाला की मधल्या दिवसांचं शेवटचं बिल वेगळं निघेल. सुरुवातीला भरलेली अनामत त्यातून वळती होईल. बँकेतून दरमहा आपोआप पैसे कापले जात असतील तर ते थांबवायला सांगा. सगळं चुकतं झालं की बाकी काही नसल्याचं पत्र मागून घ्या, आम्ही देतो, पण मागावं लागतं.

"आणि काका, हा नंबर आणखी कुठे कुठे दिलाय? बँक, गॅस, वीजबिल, मेसेजचं ॲप? आधी तिथला बदला, मग इथे या. नाहीतर एकदा बंद झाला की ओटीपी यायचा नाही आणि तुम्हीच बाहेर अडकाल."

बाहेर अडकणं म्हणजे काय, हे मास्टरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना हसू आलं. ते अर्ज घेऊन उठले आणि जाता जाता सहज विचारलं, "आणि मग ह्या नंबरचं काय होतं?"

"काही महिने तसाच पडून राहतो. मग दुसऱ्या कुणाला तरी मिळतो."

मास्टर परत खाली बसले. "दुसऱ्या कुणाला? हाच?"

"हाच. नंबर म्हणजे कंपनीचेच ना शेवटी. फुकट थोडेच घालवतात?"

मास्टरांना वाटत होतं, नंबर बंद झाला की मेला. तो उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं. लेक चार दिवसांसाठी माहेरी आली होती. ती म्हणाली, "मिळेना का बाबा. कुणी फोन केला तर तो माणूस सांगेल, राँग नंबर."

ती हे बोलतेय तोवर फोन वाजला. मास्टर दाढी करत होते, तोंडाला फेस. लेकीने फोन घेतला आणि "हॅलो" म्हणाली. पुढे तिला बोलायला मिळालंच नाही. पलीकडे वाचनालयातल्या बाई होत्या, मास्टरांच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. "अहो, मास्टरना सांगा, मी आठ दिवस बहिणीकडे आलेय, घर बंद आहे. मागच्या दाराचं कुलूप ढिलं लागतंय, तेवढं बघून घ्या म्हणावं. किल्ली मीटरच्या पेटीत वरच्या बाजूला ठेवलीय, नेहमीसारखी. चला, ठेवते." आणि ठेवला.

लेक फोन हातात धरून उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "त्यांनी मी कोण ते विचारलंसुद्धा नाही."

मास्टरांच्या गालावरचा फेस वाळून गेला. शहरातल्या चार-पाचशे घरांची माणसं हा नंबर फिरवून, पलीकडे कोण आहे हे न बघता, किल्ली कुठे ठेवलीय ते सांगणार. घर कधी रिकामं आहे तेही सांगणार. ती त्यांच्या आवाजावर विसंबत नव्हती, नंबरावर विसंबत होती. आणि तो नंबर ते कुणाच्या तरी हातात देऊन मोकळे होणार होते.

त्यात भर घातली डुप्लिकेटने. डुप्लिकेट म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा किल्लीवाला. गाड्यांच्या डुप्लिकेट किल्ल्या करायचा, म्हणून हे नाव पडलेलं. पंचेचाळिशीचा, हात जलद, जीभ त्याहून जलद. बातमी लागताच तो घरी आला, बिस्किटांचा पुडा घेऊन.

"मास्टर, नंबर मला द्या. दोघांच्या सह्या केल्या की कंपनी नावावर करून देते. वर चार पैसे देतो. नाहीतरी टाकूनच देताय."

"तू दार उघडताना साक्षीला शेजारी बोलावतोस?"

डुप्लिकेट हसला. "एवढा वेळ कुणाला आहे, मास्टर? माणूस बाहेर उभा, घाम फुटलेला. उघडलं, पैसे घेतले, निघालो."

"मग नाही देत."

"नका देऊ," तो बिस्किट खात म्हणाला, स्वतःच आणलेलं. "सहा-आठ महिन्यांनी बाजारात येईलच. दुकानात नंबरांची यादी असते, तेव्हा उचलेन."

मास्टरांनी अर्ज कपाटात ठेवला आणि आणखी एका महिन्याचं बिल भरायचं ठरवलं. बायकोने कपाळाला हात लावला, पण वही तिनेच काढून दिली.

तो महिना मास्टर पुन्हा तरुण असल्यासारखे हिंडले. लेकीने नवा नंबर घेऊन दिला होता, फक्त घरच्यांसाठी. बायकोच्या फोनमध्ये तिने जुन्या नंबराच्या जागी तो घातला. नाव तेच, 'हे'. बँकेत अर्ज दिला, गॅसवाल्यांकडे दिला, मेसेजच्या ॲपमधलं खातं नव्या नंबरावर नेलं. ही कामं दोन दिवसांत आटोपली. मग सुरू झालं खरं काम. वहीतल्या चारशे बारा घरांना एकेक फोन. "मी मास्टर बोलतोय. हा नंबर बंद होतोय. पुढे ह्या नंबरावर कुणीही भेटलं तरी तो मी नाही. किल्ली कुठे आहे ते कुणाला सांगू नका." वाचनालयातल्या बाईंना तर त्यांनी मीटरच्या पेटीतली किल्ली काढायला लावली आणि तिथल्या तिथे शपथही घ्यायला लावली.

आणि रोज सकाळी एक बोथट पटाशी, साबणाच्या पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन ते स्टिकरं खरवडायला निघायचे. बेल वाजवायची, हसायचं आणि दाराची माफी मागितल्यासारखं कामाला लागायचं. जुना कागद सहज निघत नाही. भिजवावा लागतो, थांबावं लागतं. आणि थांबलं की आठवतं.

ह्या घरात दीड वर्षाचं पोर न्हाणीघरात कडी लावून बसलं होतं आणि आई बाहेर गाणी म्हणत होती. ते पोर आता दार उघडायला आलं, मिशा फुटलेलं. ह्या घरातल्या बाईने नवऱ्याशी भांडून कुलूप बदलून घेतलं होतं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला होता, त्याच्यासाठीही एक किल्ली करा म्हणून. इथे मास्टर पहिल्यांदा हरले होते. एका परदेशी कुलपाने त्यांना चार तास झुलवलं आणि शेवटी घरमालकिणीने त्यांनाच जेवायला वाढलं, तेही शेजारच्या घरात.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारापाशी मात्र त्यांचा हात जड झाला. इथे एक घड्याळजी राहायचे, एकटे. दर महिन्याला किल्ली आत विसरायचे. चौथ्या खेपेला मास्टरांना त्यांच्या शर्टाच्या खिशातून तीच किल्ली डोकावताना दिसली होती. मास्टरांनी ती पाहिली, त्यांनी पाहिलंय हे घड्याळजींनी पाहिलं आणि दोघंही काही बोलले नाहीत. मास्टरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून दार उघडलं आणि आत जाऊन चहा घेतला. नऊ वर्षं हे चाललं. घड्याळजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. नवी माणसं आली, दाराला नवा रंग लागला, पण रंगाऱ्याने स्टिकरभोवती ब्रश फिरवून ते तसंच ठेवलं होतं. मास्टरांनी ते भिजवलं आणि पायरीवर बसून राहिले. त्यांना त्या माणसाची फार आठवण आली. आपल्या नंबरावर निव्वळ गप्पांसाठी फोन करणारा तो एकच होता.

आतल्या शंभर स्टिकरांचा शोध बायकोने लावला. "तुमच्यापेक्षा मला आठवतं, फोन मी घ्यायचे," म्हणाली आणि ओट्यापाशी उभी राहून एकेक घर सांगत गेली. अठ्ठ्याण्णव सापडली. उरलेल्या दोन स्टिकरांच्या इमारतीच पाडल्या गेल्या होत्या, ती हिशेबातून गेली.

महिना संपता संपता मास्टर पुन्हा दुकानात गेले. मुलगी तीच. अर्ज दिला, विनंतीचा क्रमांक घेतला. संध्याकाळी कंपनीतून खात्रीचा फोन आला, पुन्हा एक स्वस्त प्लॅन ऐकवून झाला आणि मास्टर तिसऱ्यांदा नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवरच्या रेघा गेल्या. मास्टर बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. बायकोने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "किती शांत झालं नाही?" पण जेवली कमीच.

शेवटचं बिल आलं अकरा दिवसांचं. अनामत त्याहून जास्त होती. उरलेले पैसे कंपनीने बँकेत जमा केले. "चोवीस वर्षं मी त्यांना दिले, आता जाताना त्यांनी मला दिले," मास्टर सगळ्यांना सांगायचे. बाकी काही नसल्याचं पत्र त्यांनी मागून आणलं, सिमकार्डाचे कात्रीने चार तुकडे केले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारूनही आले, नवं बिल तर निघालं नाही ना, माझ्या नावावर आणखी कुठला नंबर तर नाही ना. मुलगी म्हणाली, "काका, इतकं चोख काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही." मास्टर फुलून गेले. एकही धागा लोंबत ठेवलेला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

आठ महिने गेले. एका दुपारी मास्टर डॉक्टरकडे बोटं दाखवायला गेले होते. परत येऊन जिना चढतात तो वर घराच्या दारापाशी माणसं. पायरीवर बायको बसलेली, हातात कचऱ्याची रिकामी बादली. शेजारीण कठड्याला टेकून उभी. आणि दारापुढे गुडघ्यावर, त्यांच्याच कुलपाला कान लावून, डुप्लिकेट.

मास्टर उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. "हे काय?"

"वाऱ्याने दार लागलं हो," बायको म्हणाली. "किल्ली आत, फोन आत. मी हिच्या फोनवरून तुम्हाला फोन केला." आणि ती थांबली. "म्हणजे, बोटांनी फिरवला जो फिरवायची सवय आहे तो. उचलल्या उचलल्या मी म्हटलं, अहो लवकर या, दार लागलंय, घरात कुणी नाही आणि मागची खिडकी उघडी आहे. सगळं सांगून टाकलं."

"आणि उचलला मी," डुप्लिकेट कुलपावरून मान न उचलता म्हणाला. "गेल्याच आठवड्यात घेतला नंबर, जास्तीचे पैसे मोजून. मास्टर, तुम्ही माझा घात केलात. आठ दिवस फोन हातात घेऊन बसलोय. एक नाही, दोन नाही! सगळं शहर पुसून काढलंत. आज पहिला फोन आला, तो तुमच्या घरचा."

शेजारीण हसायला लागली. "आणि काकूंकडे ओळख मागितली ह्याने! म्हणे, शेजारी साक्षीला उभं राहिल्याशिवाय हात लावणार नाही."

"मग?" डुप्लिकेट म्हणाला. "मास्टरांचं दार आहे. त्यांच्याच नियमाने उघडायला नको?"

कुलूप उघडलं. मास्टरांनी वाकून पाहिलं. पट्टीवर एक बारीक ओरखडा होता. "हात जड आहे तुझा," ते म्हणाले आणि ओरखड्यावरून अंगठा फिरवला. डुप्लिकेटने पैसे घेतले नाहीत. चहालाही थांबला नाही. जाता जाता म्हणाला, "तुम्हाला राग येणार असेल तर उद्या देऊन टाकतो हा नंबर परत."

"ठेव," मास्टर म्हणाले. "पण दर वेळी शेजारी बोलव. फक्त माझ्या दारापुरता नको."

दार सताड उघडं होतं. त्याच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, एक पिवळं स्टिकर होतं, अगदी सरळ रेषेत. चोवीस वर्षांपूर्वी नमुन्यादाखल लावलेलं, त्या शंभरांच्याही आधीचं, सगळ्यांत पहिलं. रोज डोळ्यांपुढे असल्यामुळे दोघांनाही कधी दिसलंच नव्हतं.

"चारशे बारा घरांना सांगत बसलात," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि मला कुठे सांगितलंत?"

तिला नंबर बंद झालेला माहीत होता. पण तिच्या लेखी तो कधी फोनचा नंबर नव्हताच, तो नवऱ्याला मारायच्या हाकेचा होता. आणि हे आठ महिन्यांत एकदाही मास्टरांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिच्यावर अतोनात माया आली. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"म्हण माझ्यामागे," ते म्हणाले आणि नव्या नंबराचे पहिले तीन आकडे सांगितले.

तिने म्हटले. मग पुढचे तीन. मग चार. शेवटचे दोन ती पुन्हा जुनेच म्हणाली.

"चुकलं," मास्टर म्हणाले. "परत पहिल्यापासून."

ती परत पहिल्यापासून म्हणायला लागली. स्टिकर त्यांनी त्या दिवशी खरवडलं नाही.